दिवाळीच्या फराळाच्या पार्सलमध्ये घालायची चिठ्ठी: पुढची ऑर्डर आणणारा मजकूर कसा लिहावा

दिवाळीत जळगाव, धुळे, नंदुरबारहून पुण्या-मुंबईला, नाशिकला, सुरतेला फराळाचे डबे जातात. त्यातले बहुतेक गिऱ्हाईक एकदाच मागवतात. फराळ आवडत नाही असं नसतं. दिवाळी संपली की फराळ संपतो, आणि त्यानंतर तुमच्याकडून काय मागवायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. डब्यात चिठ्ठी असते, पण तिच्यावर "आपल्या अमूल्य ऑर्डरबद्दल मनःपूर्वक आभार. पुन्हा अवश्य भेट द्या" एवढंच छापलेलं असतं. ‘पुन्हा’ म्हणजे कधी, आणि भेट कशासाठी द्यायची, याचं उत्तर त्यात नाही.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. जळगावातलं एक घरगुती युनिट आहे असं धरा. दिवाळीत ते फराळाचे 200 डबे ऑनलाइन विकतं आणि बाकी वर्षभर काळा मसाला, पापड, कुरडया, बिबडे करतं. ऑर्डर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून येतात, काही मोठ्या मार्केटप्लेसवरून. माल तुमचा वेगळा असला तरी मजकुराची बांधणी हीच राहील.

आधी ठरवा, पुढची ऑर्डर कशाची

मजकूर लिहायला बसण्याआधी वर्षाचा हिशोब मांडायचा. फराळाच्या गिऱ्हाइकाला पुढचा फराळ वर्षभराने लागेल, म्हणून चिठ्ठीवर फराळाचीच जाहिरात करून उपयोग नाही. दिवाळीनंतर थंडी सुरू होते. खान्देशी घरात भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी हे सगळं याच दिवसांत जोरात असतं आणि त्यासाठी काळा मसाला लागतो. फेब्रुवारीनंतर ऊन तापलं की वाळवण सुरू होतं आणि अखाजीला ताटात नवी कुरडई-पापड हवेच असतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला गच्ची नाही, वेळ नाही, त्याचं वाळवण विकतच येणार.

म्हणजे साखळी अशी झाली: दिवाळीला फराळ, डिसेंबरला मसाला, होळीनंतर वाळवण. दिवाळीच्या चिठ्ठीने फक्त मसाल्याबद्दल बोलायचं. वाळवणाची गोष्ट मसाल्याच्या पार्सलमधल्या दुसऱ्या चिठ्ठीत येईल. एकाच कागदावर सगळा माल, इन्स्टाग्राम, यूट्यूब, रिव्ह्यूची विनंती आणि कूपन घातलं की वाचणारा त्यातलं काहीच करत नाही. एका चिठ्ठीत मागणी एकच.

सगळेच सण विक्रीचे नसतात, हेही इथेच लक्षात घ्यायला हवं. श्रावणातली कानबाई खान्देशात मोठी, पण कानबाईचे रोट घरीच होतात आणि भाऊबंदांतच खातात. त्या सणाच्या नावाने "आमच्याकडून मागवा" असं छापलं तर खान्देशी गिऱ्हाइकाला ते खटकेल. तिथे नुसत्या शुभेच्छा द्याव्यात.

नमुन्याची पुडी

चिठ्ठीवर मसाल्याचं कितीही वर्णन केलं तरी तोंडाला चव येत नाही. म्हणून डब्यासोबत मसाल्याची पुडी द्या आणि तिचं वजन एका स्वयंपाकाला पुरेल एवढंच ठेवा. 20 ग्रॅममध्ये चार जणांची शेवभाजी होते. 5 ग्रॅम दिले तर चव कळत नाही आणि पुडी डब्यात पडून राहते. 100 ग्रॅम दिले तर दोन महिने पुरतात आणि पुढची ऑर्डर तेवढीच लांबते.

पुडी हाही खाण्याचाच माल आहे. तिच्यावर नाव, घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस चांगली राहील ती मुदत आणि तुमचा 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक असलेलं छोटं लेबल लावा. "नमुना आहे, चालतंय" म्हणून साध्या पिशवीत बांधून देऊ नका.

काळ्या मसाल्याचा वास फार चिवट. साध्या पातळ पिशवीतून तो बाहेर येतो आणि चार दिवसांच्या प्रवासात अनारशांना, करंज्यांना लागतो. पुडी जाड लॅमिनेटेड पाऊचमध्ये हीट सील करा आणि फराळाच्या डब्यात घालू नका. डबा आणि बाहेरचं खोकं यांच्या मधे ठेवा. चिठ्ठीही तिथेच ठेवायची, स्वतंत्र पारदर्शक पाकिटात. नाहीतर तुपाचे डाग पडतात, आणि छपाईची शाई खाण्याच्या वस्तूला लागणं केव्हाही वाईटच. याच कारणासाठी वर्तमानपत्राचा कागद खाण्याच्या मालाला गुंडाळायला मनाई आहे.

चिठ्ठीची पुढची बाजू

आकार ए-6 घ्या, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटर. ए-4 च्या एका कागदात चार चिठ्ठ्या बसतात, कागद वाया जात नाही. पुढच्या बाजूचा पूर्ण मजकूर असा:

> राम राम, __________
>
> यंदाच्या दिवाळीचा फराळ तुम्ही आमच्याकडून घेतलात, आनंद वाटला.
> हा फराळ ता. ______ ला केला आणि ता. ______ ला डबा भरला.
>
> करंज्या, अनारसे आधी संपवा. चकली, शेव, चिवडा पाकीट उघडल्यावर हवाबंद डब्यात काढा. दमट हवेने चकली मऊ पडली तर मंद आचेवर कोरड्या कढईत पाच मिनिटं परता, गार झाल्यावरच डब्यात भरा.
>
> काही फुटलं, खराब निघालं किंवा कमी भरलं तर दोन दिवसांत डब्याचा फोटो या नंबरवर पाठवा: __________. ते बदलून देऊ, नाहीतर त्याचे पैसे परत करू.
>
> – __________, जळगाव

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगतो, कारण आपल्या मालाप्रमाणे बदल करताना काय ठेवायचं आणि काय काढायचं हे त्यावरूनच ठरेल.

नाव हाताने लिहायचं. वय, नातं माहीत असेल तर ‘ताई’, ‘दादा’ लावा. नुसतं इन्स्टाग्रामवरचं नाव असेल तर पूर्ण नाव लिहा आणि पुढे ‘यांना’. अंदाजाने ‘ताई’ लिहून पार्सल एखाद्या काकूंना गेलं तर फारसं बिघडत नाही, पण एखाद्या भाऊंना गेलं तर सगळी आपुलकी वाया गेली. शेवटी सहीही हातानेच. निळ्या बॉलपेनची सही छापील सहीपासून लगेच वेगळी ओळखू येते.

फराळ केल्याची तारीख ही या चिठ्ठीतली सगळ्यात कामाची ओळ. ‘ताजा’, ‘घरगुती’, ‘आईच्या हातची चव’ हे शब्द प्रत्येक जण छापतो, तारीख कुणी लिहीत नाही. मात्र ती पाकिटाच्या लेबलवरच्या तारखेशी जुळलीच पाहिजे. डबे दोन खेपांत भरत असाल तर तारखेची जागा रिकामी ठेवून हाताने भरा. छापून घेतलेली एकच तारीख दुसऱ्या खेपेला खोटी ठरते आणि ती वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

चकलीची ओळ खान्देशातल्या विक्रेत्याने मुद्दाम घालावी. आपल्याकडची हवा कोरडी, इथे चकली उघडी राहिली तरी दोन दिवस कुरकुरीत असते. तीच मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत मऊ पडते आणि दोष तुमच्या हाताला लागतो. ही ओळ वाचलेला माणूस चकली परतून बघतो. न वाचलेला मनातल्या मनात तुमचं नाव काढून टाकतो, तक्रारही करत नाही.

तक्रारीची ओळ पुढच्याच बाजूला हवी आणि विक्रीच्या ओळीच्या आधी हवी. फुटलेल्या अनारशांचा डबा हातात असलेल्या माणसाला आधी सवलत दिसली तर त्याचा राग वाढतो. "पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसल्यास तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही" ही ओळ हल्ली सर्रास दिसते. सणाच्या चिठ्ठीवर ती नको. वर राम राम आणि खाली तुमच्यावर विश्वास नाही, असा त्याचा अर्थ होतो. फोटो पुरेसा आहे. कुणी खोटी तक्रार केलीच तर पावशेर चकलीचं नुकसान होईल; खरं गिऱ्हाईक गेलं तर अनेक वर्षांच्या ऑर्डरी जातात.

मागची बाजू: एक पाककृती, एक मागणी

मागे वरच्या दोन तृतीयांश भागात शेवभाजी, खालच्या भागात मागणी.

> सोबतच्या पुडीत 20 ग्रॅम काळा मसाला आहे. चार जणांची शेवभाजी अशी करा:
>
> 2 कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं काळसर भाजा. 8–10 लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबीर घालून वाटा.
> अर्धी वाटी तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परता. सगळी पुडी टाका, मिनिटभर परता.
> 4 वाट्या गरम पाणी, मीठ. 10 मिनिटं उकळा.
> दीड वाटी जाड तिखट शेव वाढताना घाला, आधी नको. डब्यातली फराळाची बारीक शेव वापरू नका, तिचा लगदा होतो.
>
> चव जमली तर मसाला मागवा. 31 डिसेंबरपर्यंत 600 रुपयांच्या ऑर्डरसोबत नागलीचे पापड 100 ग्रॅम आमच्याकडून.
> कोड स्कॅन करा, आलेला मेसेज तसाच पाठवा.

बारीक शेवेची सूचना सोडू नका. डब्यात शेव आहे, पुडीत मसाला आहे, माणूस साहजिकच ती शेव रश्श्यात टाकणार. मग भाजीची खीर होते आणि दोष येतो मसाल्यावर. पाककृती छापण्याआधी खान्देशाबाहेरच्या एखाद्या ओळखीच्या घरी ही पुडी आणि हा मजकूर द्या आणि शेजारी उभं न राहता भाजी करायला सांगा. ते जिथे अडतील ती ओळ बदला. त्यांना भाजी फार तिखट लागली तर "मुलांसाठी अर्धीच पुडी" एवढी ओळ वाढवा.

पापड का, टक्क्यांची सूट का नाही? "10 टक्के सूट" वाचून माणसाला आकडेमोड करावी लागते, आणि पुढच्या वेळी सूट नसली की माल महाग वाटायला लागतो. पापडाचं पाकीट डोळ्यांसमोर येतं, मूळ भाव तसाच राहतो, आणि एक नवी वस्तू आपोआप चाखली जाते. तुम्हाला ते उत्पादन खर्चात पडतं.

मुदत नीट ठरवावी लागते. डबा दिवाळीच्या आठवडाभर आधी पोचतो. पुढचे पंधरा दिवस घरात गोडधोड आणि पाहुणे. तिखट शेवभाजीची आठवण त्यानंतर येते. म्हणून "सात दिवसांत वापरा" असली घाई निरुपयोगी, आणि "सहा महिने वैध" म्हटलं की चिठ्ठी ड्रॉवरमध्ये जाऊन पडते. 31 डिसेंबर ही तारीख थंडीतल्या दोन-तीन शेवभाज्यांना जागा देते. "30 दिवसांत" असं लिहू नका, कुठल्या दिवसापासून मोजायचे हा वाद होतो. सरळ तारीख छापा.

आरोग्याचे दावे मात्र चिठ्ठीवर नकोत. "मधुमेहींना चालतो", "पचनाला उत्तम" असं सहज लिहिलं जातं. खाण्याच्या मालावर असे दावे करायला नियम आहेत आणि चिठ्ठी ही जाहिरातच धरली जाईल.

क्यूआर कोड आणि त्यामागची लिंक

कोड थेट व्हॉट्सॲपच्या लिंकचा बनवायचा. लिंक अशी असते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=MASALA%20D1
```

91 नंतर दहा आकडी नंबर, मधे अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा नाही. `text=` च्या पुढचा मजकूर गिऱ्हाइकाच्या मेसेजच्या चौकटीत आपोआप येतो, त्याने फक्त पाठवा दाबायचं. `%20` म्हणजे मोकळी जागा. `D1` ही तुमची खूण: दिवाळीची पहिल्या प्रकारची चिठ्ठी. त्यामुळे ऑर्डर कुठल्या चिठ्ठीवरून आली हे कुणाला विचारावं लागत नाही.

हा मजकूर देवनागरीत ठेवायचा मोह होतो, पण लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ अक्षरांचं होतं. ‘मसाला’ या एका शब्दाला 45 अक्षरं लागतात. लिंक लांबली की कोडमधले चौकोन बारीक होतात आणि स्वस्त फोनचा कॅमेरा तो वाचत नाही. लिंकमध्ये रोमन अक्षरं चालू द्या, मराठी चिठ्ठीवर आहेच.

कोड निदान 2.5 सेंटिमीटर चौरस छापा, पांढऱ्यावर काळा, आणि चारही बाजूंनी कोरी जागा सोडा. मधोमध लोगो, मागे रांगोळीची नक्षी, सोनेरी रंग असलं काही नको. कोडच्या खाली तोच नंबर आकड्यांत छापा. घरातल्या ज्येष्ठांना कोड स्कॅन करायचा नसतो आणि मसाला मागवायचा निर्णय बहुतेक घरांत त्यांचाच असतो.

भेट म्हणून जाणारे डबे

दिवाळीच्या ऑर्डरींमध्ये बरेच डबे मागवतो एक आणि उघडतो दुसरा. पुण्यातला मुलगा धुळ्याच्या मावशीला पाठवतो, भाऊबीजेला बहिणीला डबा जातो. अशा डब्यात वरची चिठ्ठी घातली तर "तुम्ही आमच्याकडून फराळ घेतलात" हे वाक्यच चुकीचं ठरतं, आणि ज्याने पैसे दिले त्याच्यापर्यंत तुमचे आभार पोचतच नाहीत. ऑर्डर घेतानाच विचारा: डबा घरी की भेट? वहीत त्या ऑर्डरपुढे ‘भे’ लिहा. भेटीची चिठ्ठी अशी:

> __________ यांना,
> हा फराळ तुमच्यासाठी __________ यांनी पाठवला आहे.
> त्यांचा निरोप: ____________________
>
> फराळ ता. ______ ला जळगावात केला. काही फुटलं असेल तर आम्हाला कळवा, पाठवणाऱ्यांना त्रास नको: __________

निरोप ऑर्डर घेताना लिहून घ्या आणि आहे तसाच उतरवा, शुद्ध करायला जाऊ नका. "मोठीबाई, चिवडा तुम्हनासारखा नही, पन बरा शे" असा निरोप आला तर तो तसाच गेला पाहिजे. अशा डब्यात बिल, किंमत किंवा पापडांची ऑफर ठेवायची नाही. मसाल्याची पुडी आणि पाककृती चालेल, कोडसकट. त्याची खूण `D2` ठेवा. आणि डबा पोचल्याच्या दिवशी पैसे देणाऱ्याला व्हॉट्सॲप करा: "तुमचा डबा मावशींना आज दुपारी मिळाला. निरोप चिठ्ठीवर लिहून दिला होता. धन्यवाद." यात काही विकायचं नाही. भेट पोचल्याचं नीट कळवणाऱ्याकडे माणूस पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

मार्केटप्लेसच्या ऑर्डरींना वेगळी चिठ्ठी

ॲमेझॉनसारख्या ठिकाणाहून आलेल्या ऑर्डरीत तुमचा व्हॉट्सॲप कोड किंवा "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" ही ओळ घालू नका. गिऱ्हाईक बाहेर वळवणं तिथल्या नियमांत बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात पापड, सूट किंवा पैसे देऊ करणंही बसत नाही, आणि "आवडलं तर पाच स्टार द्या, नाही आवडलं तर आम्हाला सांगा" अशी चलाख ओळसुद्धा नाही. खातं बंद होऊ शकतं, तेही ऐन सणात. या ऑर्डरींसाठी पुढची बाजू तीच ठेवा, फक्त तक्रारीसाठी त्याच ॲपमधून संपर्क करायला सांगा. मागे नुसती शेवभाजी आणि तळाशी तुमच्या ब्रँडचं नाव ठसठशीत. चव आवडली तर माणूस नाव शोधतो. दोन्ही चिठ्ठ्यांचे गठ्ठे पॅकिंगच्या टेबलावर वेगवेगळ्या रंगाच्या रबरबँडमध्ये ठेवा, गडबडीत चुकीची चिठ्ठी जाण्याची शक्यता फार असते.

भाषा कुठली

‘राम राम’ आणि साधी बोलती मराठी सगळीकडे चालते. अहिराणीची एखादी ओळ घातली तर पुण्या-मुंबईतल्या खान्देशी माणसाला घरचं वाटतं: "फराय कसा लागना, सांगा बरं." पण एकच ओळ, आणि अहिराणी रोज बोलणाऱ्या माणसाकडून वाचून घेतलेली. सगळी चिठ्ठी अहिराणीत केली तर कढईत चकली परतायची सूचना अर्ध्या लोकांना कळणार नाही. दुसरं, सगळा खान्देश अहिराणी बोलत नाही. यावल, रावेर, भुसावळ भागातल्या लेवा घरांची बोली वेगळी आहे. गिऱ्हाईक मूळचं कुठलं हे माहीत नसेल तर बोलीची ओळ छापू नका, माहीत असेल तेव्हा हाताने लिहा.

‘आपण’ की ‘तुम्ही’? ‘तुम्ही’. फराळाच्या डब्यात ‘आपल्या सेवेत सदैव तत्पर’ म्हटलं की घरगुती युनिट बँकेसारखं बोलायला लागतं.

छापखान्यात काय बिघडतं

आपल्याकडच्या बऱ्याच छापखान्यांत मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेलं युनिकोड मराठी तिथे गेलं की जोडाक्षरं फुटतात. ‘दुसऱ्या’, ‘करंज्या’, ‘रश्श्यात’, ‘ॲप’ हे शब्द मुद्दाम तपासा. बिघाड झाला असेल तर तो आधी इथेच दिसतो. मजकूर नुसता पाठवण्यापेक्षा स्वतः तयार केलेली पीडीएफ द्या, अक्षरांचं आउटलाइन करून, आणि नंतर एकही शब्द छापखान्यात टाइप होऊ देऊ नका. एक छापील प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचा, तिच्यावरचा कोड दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करून मेसेज खरंच पाठवून बघा, आणि मगच बाकीच्या छापायला सांगा.

कागद 250 ते 300 जीएसएमचा, लॅमिनेशन नको. गुळगुळीत लॅमिनेशनवर बॉलपेन चालत नाही, शाई पुसली जाते आणि हाताने लिहिलेलं नाव पार्सल पोचेपर्यंत निळा डाग होतं. किमान पुढची बाजू मॅट, कोरी असावी. मजकुराचा आकार 11 पॉइंटच्या खाली नको.

दसऱ्याच्या आधी छपाई उरका. त्यानंतर छापखाने दिवाळी अंक, भेटकार्डं, कॅलेंडर यांत अडकतात.

मेसेज आल्यावर

चिठ्ठीने काम केलं की फोनवर `MASALA D1` असा मेसेज येतो. इथे उत्तराला उशीर झाला तर आधीचं सगळं वाया. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय आधीच तयार ठेवा:

> राम राम ताई/दादा, फराळ कसा वाटला?
> काळा मसाला: 250 ग्रॅम ____ रु., 500 ग्रॅम ____ रु. कुरिअर ____ रु.
> 600 रुपयांच्या पुढे नागलीचे पापड 100 ग्रॅम सोबत देऊ.
> किती पाठवू? पत्ता दिवाळीचाच ना?
> वाळवणाचे निरोप मिळावेत म्हणून हा नंबर सेव्ह करून ठेवा.

"पत्ता दिवाळीचाच ना?" या प्रश्नाने गिऱ्हाइकाचं टायपिंग वाचतं. भेटीच्या डब्यावरून, म्हणजे `D2` खुणेने मेसेज आला तर मात्र ही ओळ आणि पापडांची ओळ काढून पत्ता नव्याने विचारा. शेवटच्या ओळीचं कारण तांत्रिक आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त त्यांनाच पोचते ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो. 200 नंबरांच्या यादीला मेसेज टाकला आणि 40 जणांनाच पोचला तर बाकीच्यांनी नंबर सेव्ह केलेला नाही हे पहिलं कारण धरा. एका यादीत 256 नंबर बसतात, या व्यवसायाला ते पुरे आहेत. यादीत फक्त स्वतःहून मेसेज केलेल्यांना घ्या आणि महिन्यातून एखादाच निरोप पाठवा.

मसाल्याच्या पार्सलमध्ये दुसरी चिठ्ठी जाते, ती याहून छोटी:

> मसाला पुन्हा घेतलात, बरं वाटलं.
> होळीनंतर नवं वाळवण उन्हात पडेल: कुरडया, बिबडे, उडदाचे आणि नागलीचे पापड. नोंद असेल तेवढंच करतो. अखाजीच्या आधी हवं असेल तर फेब्रुवारीअखेर `VALVAN` असा मेसेज टाका.

"नोंद असेल तेवढंच करतो" हे खरं असेल तरच लिहा. उन्हाचे दिवस आणि गच्चीची जागा मोजकी, त्यामुळे बहुतेक घरगुती युनिटना ते लागू पडतंच.

खर्च निघाला का, हे कसं कळेल

आपल्या 200 डब्यांचा हिशोब करू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. चिठ्ठी 4 रुपये, पुडी पाऊचसकट 8 रुपये, म्हणजे डब्यामागे 12 आणि एकूण 2,400. मसाल्याच्या 600 रुपयांच्या ऑर्डरीत तुम्हाला 150 सुटतात असं धरू. त्यातून पापडाचे 30 गेले, 120 उरले. 2,400 ला 120 ने भागलं की 20. म्हणजे 200 पैकी 20 घरांनी मसाला मागवला की खर्च निघाला. एकविसाव्यापासून फायदा, आणि वाळवणाच्या ऑर्डरी वेगळ्या.

31 डिसेंबरला वहीत तीन आकडे काढा: किती चिठ्ठ्या गेल्या, किती मेसेज आले, किती ऑर्डरी झाल्या. कुठे अडलं ते यावरून समजतं. मेसेजच फार कमी असतील तर पुडी वापरली गेली नाही किंवा कोड चालला नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलाच चार गिऱ्हाइकांना फोन करून "शेवभाजी केली का?" एवढंच विचारा, उत्तर लगेच मिळेल. मेसेज भरपूर आणि ऑर्डरी कमी असतील तर अडचण भावात, कुरिअरच्या खर्चात किंवा तुमच्या उत्तराच्या वेळात आहे, मजकुरात नाही.

पुढच्या दिवाळीला मजकूर बदलून बघायचा असेल तर निम्म्या घरच्या डब्यांत जुनी चिठ्ठी आणि निम्म्यांत नवी घाला, नवीची खूण `D3`. एका वेळी एकच गोष्ट बदला, पापडाऐवजी कुरडया किंवा शेवभाजीऐवजी भरीत. 100 चिठ्ठ्यांवर एकीला 12 आणि दुसरीला 14 ऑर्डरी आल्या तर तो फरक धरू नका, एवढं इकडेतिकडे होतंच. 8 आणि 20 असा फरक आला तर जुनी चिठ्ठी बंद करा.